राधाबाईंचा कान

लालबागच्या त्या चाळीत बाळंतीण घरी आली की सासरच्यांच्या आधी राधाबाईंना निरोप जायचा. खरं तर निरोपाचीही गरज नसे. कुणाच्या पोरीचं पोट खाली आलंय, कुणाची सून आता माहेरी जाणार, हे सगळं राधाबाईंना जिन्यात उभं राहूनच कळायचं. रुंद तळहात, कोपरापर्यंत वर सारलेल्या बांगड्या, कमरेला खोचलेला पदर आणि तोंडात कायम एखादा शेरा. नवऱ्याची, दौलतची, गिरणी बंद पडली आणि घरात चूल पेटेना, तेव्हा सासूकडून शिकलेली बाळांची मालीश त्यांनी कामाला लावली. आज साठीच्या पुढे गेल्या होत्या, दौलत जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण गिरगावापासून दादरपर्यंत त्यांच्या पायांवर न्हायलेली पोरं आता टाय लावून ऑफिसला जात होती. त्यातली काही रस्त्यात भेटली की राधाबाई चारचौघांत सांगायच्या, "याचं डोकं मी गोल केलंय, नायतर पार नारळ होता." बिचारा लाजून निघून जायचा आणि राधाबाई खूश व्हायच्या.

त्यांना गर्व होता, आणि तो लपवायचा त्या प्रयत्नही करत नसत. हातांचा होताच, पण त्याहून जास्त कानाचा. कुठल्या खोलीतलं मूल भुकेनं रडतंय आणि कुठलं पोटदुखीनं, हे त्या गॅलरीत बसून सांगत. आणि डांग्या खोकला? तो तर त्यांचा हातखंडा विषय. लहानपणी चाळीत साथ आली होती, त्यात स्वतः राधाबाई खोकून खोकून काळ्यानिळ्या झाल्या होत्या. खोकल्यावर खोकला, आणि मग श्वास आत ओढताना तो लांबलचक शिटीसारखा आवाज. "तो आवाज एकदा ऐकला ना, की माणूस मेला तरी विसरत नाय," असं त्या सांगत. एकदा पलीकडच्या इमारतीतल्या पोराचा खोकला भिंतीआडून ऐकून त्यांनी "डांग्या आहे, न्या दवाखान्यात" म्हणून सांगितलं होतं, आणि निघाला होता. त्या गोष्टीला त्यांनी इतक्या वेळा न्हाऊमाखू घातलं होतं की आता ती गोष्ट मूळ घटनेपेक्षा बरीच गुटगुटीत झाली होती.

त्यांची एकुलती एक लेक वैशाली लोअर परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये विम्याच्या ऑफिसात होती. नवरा अजित कॉटन ग्रीनचा, गोदामांच्या हिशेबाचं काम बघणारा, कमी बोलणारा. वैशालीला दिवस गेले तेव्हा राधाबाईंनी अख्ख्या मजल्यावर खीर वाटली. गावाची पोरं न्हाऊ घातली, आता घरचं येणार होतं.

सातवा महिना सरत असताना वैशाली तपासणीहून परस्पर आईकडे आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आई, डॉक्टर आणखी एक लस घ्यायला सांगतायत. डांग्या खोकल्याची."

"कुणाला? बाळाला?"

"मला. आत्ताच, पोटात असतानाच. म्हणे त्यानं बाळाला ताकद मिळते."

राधाबाई हसल्या. भाजी निवडता निवडताच हसल्या. "अगं, धनुर्वाताची इंजेक्शनं झाली ना तुझी? तेवढी बास. मोठ्या बाईला कसला डांग्या? आणि झालाच बाळाला, तर मी बसलेय ना इथं. पहिल्या खोकल्याला ओळखीन. उगाच सुया टोचून घेऊ नकोस."

"माझ्या ऑफिसातल्या मुलीनं घेतली होती."

"तिची आई मी आहे काय?"

वैशालीनं विषय सोडून दिला. आईनं शेकड्यांनी पोरं हाताळली होती, आणि आपण मोबाइलवर वाचून तिच्याशी वाद घालायचा, हे तिला बरं वाटेना. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती "नंतर घेते" म्हणाली. नंतर ते राहूनच गेलं.

मुलगी झाली. गोरीगोमटी नव्हे, चांगली सावळी, भरपूर जावळाची. नाव ठरायचं होतं, तोवर सगळे तिला चिमी म्हणत. वैशाली बाळंतपणाला आईकडेच होती. सकाळी राधाबाई मनवाचं बाळ, छोटा हेरंब, दादरची जुळी अशी दोन-तीन घरची बाळं न्हाऊ घालून यायच्या आणि मग निवांत चिमीला पायांवर घ्यायच्या. परक्या पोराला घाई केली तरी चालते, नातीला नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमारास त्यांना खोकला लागला होता. आधी नुसतं नाक वाहिलं, मग खोकला राहिला. दिवसभर ठीक असायचं आणि मधेच अशी उबळ यायची की डोळ्यांतून पाणी, कधी जेवलेलं बाहेर. ताप नाही, काही नाही. रोज ओवा-वावडिंगाची धुरी करणाऱ्या बाईला खोकला नको व्हायला? शिवाय समोरची चाळ पाडून टॉवर बांधत होते, त्याची धूळ. लवंग चघळायची, अडुळशाचा काढा प्यायचा आणि पदर तोंडावर धरून कामाला लागायचं. एकदा अजित म्हणाला, "आई, दाखवून या ना, बरेच दिवस झाले." राधाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा त्या विषयाला गेला नाही.

चिमी महिन्याची झाली आणि शिंकायला लागली. मग दूध ओढता ओढता सोडून द्यायला लागली. एखाददुसरा बारीक खोकला, तोही मांजरीच्या पिल्लानं शिंकावं इतका. पण त्यानंतर ती लाल व्हायची, ओकारी आल्यासारखं करायची आणि क्षणभर गप्प, अगदी गप्प पडायची. मग पुन्हा रडायची.

"आई, हिला श्वास लागतोय का गं?"

"दूध वर आलंय. ढेकर नीट काढत नाहीस तू."

"अगं पण हा खोकला..."

"याला खोकला म्हणतेस?" राधाबाईंनी नातीच्या पाठीवरून हात फिरवला. "डांग्याची भीती वाटते ना तुला? अगं, डांग्या असता तर आत्तापर्यंत खालच्या वाण्यालाही ऐकू गेला असता. तो आवाज कुठं आहे? मी ऐकतेय ना."

आणि त्या खरंच ऐकत होत्या. कान देऊन ऐकत होत्या. तो शिटीसारखा आवाज येत नव्हता, म्हणून त्यांना हायसं वाटत होतं. त्यांनी धुरीत ओवा जरा जास्त टाकला आणि मीठ-मोहरीनं दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाई पाय पसरून पाटावर बसल्या, चिमीला पालथं पायांवर घेतलं, पाठीवर तांब्याभर कोमट पाणी ओतलं. मूल रडलं नाही. राधाबाईंनी तिला सुलटं केलं. ओठ जांभळे होते. खोकला नव्हता, आवाज नव्हता, छाती हलत नव्हती. हात दोन्ही बाजूंना ओल्या कापडासारखे पडले होते.

राधाबाईंनी तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, तोंडात बोट घालून पाहिलं. इतक्या वर्षांच्या बाळांनी जे जे शिकवलं होतं ते सगळं त्या दोन-चार श्वासांच्या वेळात करून झालं. मग चिमीनं एकदम आचका दिला, श्वास घेतला आणि क्षीण रडली. तोवर वैशालीनं तिला पंच्यात गुंडाळून उचललंही होतं. ती तशीच गाऊनवर ओढणी घेऊन जिना उतरली. मागून राधाबाई अनवाणी.

टॅक्सी परळच्या मुलांच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत चिमी आणखी एकदा निळी पडली. तिथं तिला हातातून काढून घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला, बोटाला तो मोजणारा लाल दिवा. यंत्रावरचे आकडे खाली जायचे, नर्स मुलीला हलवायची, आकडे वर यायचे. राधाबाई भिंतीला टेकून ते बघत होत्या. त्यांच्या हातांना करण्यासारखं तिथं काही नव्हतं.

डॉक्टर रश्मी तरुण होत्या, वैशालीच्याच वयाच्या. तपासून, रक्ताचा रिपोर्ट बघून बाहेर आल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कुणाला खोकला आहे? बऱ्याच दिवसांपासूनचा?"

राधाबाईंना नेमकी तेव्हाच उबळ आली. पदर तोंडात कोंबून थोपवून पाहिली, थोपेना. सगळ्यांसमोर त्या वाकून खोकत राहिल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बऱ्याच वेळानं खोकला संपला. डॉक्टरांनी फक्त एक मास्क पुढे केला.

"मला डांग्या खोकल्याचा संशय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तात पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात. नाकातला नमुना पाठवतोय, पण औषध आत्ताच सुरू करते, थांबायला नको."

"डांग्या नाय तो," राधाबाई बोलून गेल्या. "आवाज नव्हता, डॉक्टर. मी ओळखते आवाज."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजी, तो आवाज कशाचा असतो? खोकून छाती रिकामी झाली की मूल जोर लावून श्वास आत ओढतं, त्याचा. एवढ्याशा बाळात तो जोरच नसतो. त्यामुळे पुष्कळदा आवाज येतच नाही, कधी कधी खोकलाही फारसा नसतो. बाळ नुसतं श्वास घ्यायचं थांबतं. तुम्ही पाहिलंत तसं."

राधाबाईंच्या डोळ्यांसमोर ती गप्प पडणारी चिमी आली. ते गप्प पडणं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"पण मला कसा होईल?" त्यांचा आवाज बारीक झाला. "मला तर लहानपणीच होऊन गेलाय."

"एकदा झाला म्हणून जन्मभराची हमी नसते. ताकद हळूहळू कमी होते. मोठ्यांना मग साधा, लांबलेला खोकला वाटतो, आणि बाळांना तो त्यांच्याकडूनच मिळतो." मग डॉक्टर वैशालीकडे वळल्या. "गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस घेतली होतीत का?"

"धनुर्वाताची घेतली होती..."

"त्यात धनुर्वात आणि घटसर्प असतो, डांग्या खोकला नसतो. त्याची लस निराळी, साधारण सातव्या-आठव्या महिन्यात घ्यायची. आईच्या अंगात तयार झालेली संरक्षक द्रव्यं वारेतून बाळाला मिळतात. बाळाची स्वतःची पहिली लस दीड महिन्याची झाल्यावर. तोपर्यंत तिच्याकडे असतं ते आईनं दिलेलंच. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

वैशालीनं आईकडे पाहिलं. अगदी एवढंसं पाहिलं, आणि मग खाली बघत म्हणाली, "सांगितलं होतं. माझंच राहून गेलं."

ते ऐकून राधाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीनं भर हॉस्पिटलात त्यांचं पाप स्वतःच्या पदरात घेतलं होतं, आणि त्यांनी ते घेऊ दिलं. "मी अडवलं होतं" एवढे तीन शब्द तोंडाशी आले आणि तिथंच बसले.

आणि त्याहून वाईट पुढेच होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तुम्ही काही काम करता? बाहेर कुणात मिसळणं?"

"नाय, घरीच असते मी," राधाबाई म्हणाल्या.

अजित ऑफिसातून धावत येऊन नुकताच मागे उभा राहिला होता. त्यानं ते ऐकलं. वैशालीनंही ऐकलं. वैशालीनं मान वर केली, पण आतून नर्सनं हाक मारली आणि ती पळत आत गेली.

राधाबाई बाकावर बसल्या. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. एवढ्या सगळ्यात आणखी एक प्रश्न, आणि त्याचं खरं उत्तर म्हणजे मनवाच्या घराचं, हेरंबच्या घराचं, दादरच्या त्या जुळ्यांच्या घराचं दार कायमचं बंद. चाळीत काय तोंड दाखवायचं? आत काचेपलीकडे चिमीच्या छातीवर तारा चिकटवल्या होत्या. आज सकाळीच, चिमीच्या आधी, त्यांनी मनवाच्या बाळाला याच हातांनी न्हाऊ घातलं होतं. त्याची टाळू तेलानं भरताना खोकला आला म्हणून मान वळवली होती. मान वळवली की झालं, असं त्यांना वाटत असे. वळवली तरी किती वळवणार, बाळ तर पायांवरच होतं.

अजित शेजारी येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "आई, त्या घरांना कळवायला लागेल."

त्यानं आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही. जावयानं सासूला काही करायला सांगण्याची ही दुसरीच वेळ होती. राधाबाई उठल्या. चप्पल नव्हती, पाय गार फरशीवर काळे झाले होते. डॉक्टर दुसऱ्या बाळाजवळ होत्या, त्यांची वाट बघत त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. मी बाळांची मालीश करते. आज सकाळीही केली." आणि मग, थांबलेलं तेही बाहेर पडलं. "आणि लस पोरीनं टाळली नाय. मी घेऊ दिली नाय तिला."

लसीचं डॉक्टरांनी तिथंच सोडलं. मालीशीचं तेवढं बोलल्या. घरातल्या सगळ्यांनी औषध घ्यायचं, राधाबाईंनी तर आजपासूनच, आणि तो पाच दिवसांचा कोर्स पुरा होईपर्यंत कुठल्याही बाळाच्या आसपास जायचं नाही. ज्या ज्या घरी त्या गेल्या, तिथल्या बाळांना आजच डॉक्टरकडे न्यायला हवं, खोकला असो वा नसो. "फोन आत्ता करा. इथूनच."

राधाबाईंनी हॉस्पिटलच्या जिन्याखाली उभं राहून फोन केले. अजितनं नंबर लावून दिले. पहिला फोन हेरंबच्या घरी. त्याच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. "इतके दिवस खोकत होतात आणि बाळाला हात लावत होतात? तरी मी म्हणतच होते." एवढं म्हणून फोन ठेवला. जुळ्यांच्या आजीनं "बरं, बघतो आम्ही" म्हटलं. ते जास्त लागलं, कारण त्या घरात राधाबाईंना पाटावर बसवून चहा मिळत असे.

मग मनवा. गिरगावची, बँकेत काम करणारी, गोड बोलणारी पोर. राधाबाईंनी तिलाही मागे एकदा लसीवरून हसून वाटेला लावलं होतं. फोनवर त्या अडखळत सगळं बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ताई, तुला ती लस नको म्हणाले होते मी. माझं चुकलं."

"मावशी, मी घेतली होती," ती म्हणाली. "आठव्या महिन्यात. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं. बाळाला आज नेतेच डॉक्टरकडे, तुम्ही काळजी करू नका. चिमी कशी आहे?"

राधाबाईंनी फोन अजितच्या हातात दिला. ओरडा खाल्ला होता तो पचला होता, पण ही माया नाही पचली. म्हणजे लोक आपल्याला असं सांभाळत होते तर. शहाणपण आपल्यापासून लपवून, आपल्या गर्वाला धक्का न लावता. फक्त पोटच्या पोरीनं तेवढं विश्वासानं ऐकलं होतं.

नमुन्याचा निकाल डॉक्टरांनी सांगितला तसाच आला. चिमी बरेच दिवस आत राहिली. मधे एक दिवस असा आला की व्हेंटिलेटरचं बोलणं झालं, आणि वैशाली काचेला कपाळ टेकवून उभी राहिली ती हलेनाच. राधाबाई कोर्स संपेपर्यंत आत गेल्या नाहीत. खाली फाटकाशी डबा देऊन परत फिरत. भरल्या डब्याच्या बदल्यात वैशाली रिकामा डबा द्यायची आणि "बरी आहे" एवढंच म्हणायची. ती भांडली असती तर राधाबाईंनी पाय धरले असते. ती भांडत नव्हती.

मनवाचं बाळ ठणठणीत राहिलं. इतर घरच्यांनाही औषधं मिळाली, कुणी आजारी पडलं नाही. पण राधाबाईंना पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि त्याही गेल्या नाहीत. चाळीतल्या एका पोरीला दिवस होते. तिनं जिन्यात सहज विचारलं, "राधामावशी, सातव्यात ती लस..." तिला पुढे बोलू न देता राधाबाई म्हणाल्या, "घे. डॉक्टर सांगतील तेव्हा घे. मला विचारू नकोस." आणि भिंतीकडे तोंड करून वर गेल्या.

चिमी घरी आली, अंगानं वाळलेली, पण डोळे टकटकीत. दूध प्यायला लागली, गालांवर मांस धरलं. लस तिच्या वेळेनं सुरू झाली. खोकला मात्र अजून होता, आणि तो बरेच दिवस राहील, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

एका दुपारी वैशाली तिला मांडीवर घेऊन बसली होती. राधाबाई मोरीपाशी लंगोट धूत होत्या. चिमीला उबळ आली. खोकल्यावर खोकला, तोंड लालबुंद, आणि मग छाती फुगवून तिनं श्वास आत ओढला. लांब, शिटीसारखा. शेजारच्या खोलीतली बाई दारात येऊन उभी राहिली, इतका मोठा.

राधाबाईंचे हात पाण्यातच थांबले.

वैशालीनं मुलीला उभं धरलं, पाठ थोपटली. चिमी धापा टाकत शांत झाली. ओठ गुलाबीच होते. "डॉक्टर म्हणाल्या होत्या," वैशाली शांतपणे म्हणाली, "अंगात जोर आला की आवाज यायला लागेल, घाबरू नका म्हणून." मग तिनं आईकडे पाहिलं. हॉस्पिटलातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "हाच ना गं आई, तो आवाज? ज्याची तू वाट बघत होतीस?"

राधाबाईंनी हात पदराला पुसले. दारातली बाई जायचं नाव घेत नव्हती. तिच्यासमोर, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात, राधाबाई म्हणाल्या, "हाच. आणि याची वाट बघायला तुला मीच लावलं."

वैशालीनं चिमीला आईच्या अजून ओलसर हातांत दिलं आणि दूध गरम करायला उठली.